हरणाऱ्याचं खातं

मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. कारंजाच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. तास घेतला तर पैसे, सुट्टी आली तर नाहीत. नेट-सेट दोन्ही झालंय, वय चाळिशीला टेकलंय, आणि कायमच्या जागेची जाहिरात निघेल निघेल म्हणत बारा वर्षं गेली. आमच्या घरात शिकलं की माणूस उभा राहतो यावर वडिलांचा एवढा विश्वास होता की शिकूनही मी बसलेलाच आहे हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे जे केलं ते हावेपोटी केलं असं कुणी म्हणू नये. माझ्या डोक्यात राग होता. जे येतं ते कुठेतरी चालून दाखवायचं होतं.

सट्ट्याच्या परदेशी साइटवर मी खेळायला लागलो तो टेनिसवर, आणि तेही छोट्या स्पर्धांवर, जिथे शंभर माणसंही सामना बघत नाहीत. क्रिकेटचा भाव लाखो लोक घासून घासून बरोबर करतात, तिथे माझ्यासारख्याला काही उरत नाही. पण लहान टेनिसचा भाव आदल्या दिवशी दुपारी निघतो तेव्हा कच्चा असतो. मी दोन वर्षांचे निकाल भरून एक हिशेब तयार केला होता. साइट एखाद्या खेळाडूला २.१० देत असेल, म्हणजे जिंकला तर शंभराचे दोनशे दहा, आणि माझ्या हिशेबानं तो शंभरातून बावन्न वेळा जिंकणार असेल, तर मी लावायचो. शंभरामागे सरासरी नऊ रुपये माझे. रोज नव्हे, लांब पल्ल्यात.

किती लावायचे याचाही नियम पुस्तकातला होता. आपल्या भांडवलाचा ठरावीक हिस्सा लावायचा. फायद्याची शक्यता जास्त तर हिस्सा मोठा, कमी तर लहान. भांडवल वाढलं की रक्कम आपोआप वाढते, घटलं की घटते, आणि माणूस बुडत नाही. पूर्ण नियम फार गचके देतो म्हणून मी त्याच्या चौथाईवर चालायचो. लाख रुपये बाजूला काढले होते, त्यावर असा एक डाव साधारण दोन हजारांचा बसे. फळ्यावर हा नियम मी मुलांना फार रंगून शिकवलेला आहे. चक्रवाढीच्या आलेखाचा तो वर चढत जाणारा बाक मी फळ्याच्या पार वरच्या कडेपर्यंत ओढायचो, इतका तो मला आवडायचा.

चाळिसेक डाव झाले आणि मी तीन हजारांनी मागे होतो. नशिबाचा भाग, मला त्याची चिंता नव्हती. त्या आठवड्यात मी दोन हजार टाकून बटण दाबलं तर खाली लाल ओळ आली : जास्तीत जास्त रक्कम १८१ रुपये ८१ पैसे.

मला वाटलं काहीतरी बिघडलं. दुसरा सामना उघडला, भाव ३.००. तिथे जास्तीत जास्त शंभर. तिसऱ्यावर भाव १.५०, तिथे चारशे. मग डोक्यात लख्ख पडलं. त्यांनी मला एका डावात दोनशे रुपयेच जिंकू द्यायचं ठरवलं होतं. दोनशेला भावातून एक वजा करून भागलं की बरोबर तेच आकडे येत होते. १८१ रुपयांच्या डावात मला लांब पल्ल्यात मिळणार सोळा-सतरा रुपये. त्यासाठी दुपारभर खेळाडूंचे निकाल चाळायचे.

पण मी तर हरत होतो! हरणाऱ्याला कुणी बाहेर काढतं का? हे कोडं मला सोडवून दिलं ते बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या एजंटानं. तो कव्हर, चार्जर विकतो आणि आतल्या बाजूनं सट्ट्याची ‘आयडी’, म्हणजे खेळायचं खातं, काढून देतो. आठवड्याचा हिशेब रोखीनं. साइटनं हात आखडल्यावर मी त्याच्याकडे आयडी घेतली होती आणि तीन आठवड्यांत त्यानंही ती बंद केली. मी विचारायला गेलो तर माणूस सरळ होता, लपवाछपवी केली नाही.

“सर, तुमी जिंकले का हरले ते मी पाह्यतच नाई,” तो म्हणाला. “तुमी लावल्यावर भाव पडते. तुमी दोन-दहाचा घेता अन् मॅच सुरू व्हाच्या टायमाले तो एक-नव्वद होते. दर बारी. आज हरसान, पण सालभरात आमाले खासान. गिऱ्हाइकाच्या हरण्यात माहा हिस्सा असते, जिंकण्यातबी. मंग तुमाले कायले ठेवू?”

संख्याशास्त्राचं इतकं स्वच्छ व्याख्यान मी कुठल्या परिषदेत ऐकलेलं नाही. निकाल दैवाचा असतो, पण शेवटच्या भावापेक्षा चांगला भाव वारंवार मिळवणं दैवाचं नसतं. ते माझ्या नफ्याकडे बघत नव्हते, माझ्या अकलेकडे बघत होते, आणि अक्कल दिसली की दार लावून घेत होते. मला त्या दिवशी अपमानही वाटला आणि खरं सांगायचं तर छातीही फुगली. बारा वर्षांत माझी गुणवत्ता कुणीतरी ओळखली होती.

मग आणखी तीन साइट झाल्या. एक पंचवीस डावांत आखडली, एक अठरा, एक चक्क नऊ. आणि तेव्हा पुस्तकातला नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडला. तो नियम असं धरून चालतो की हवी तेवढी रक्कम कुणीतरी घेणारच. भांडवल वाढेल तसा डाव वाढेल. इथे भांडवल वाढो की घटो, एका डावातली कमाई दोनशेच्या आतच. लाख रुपये बँकेत पडून आणि मी एकशे एक्याऐंशी रुपये लावतोय. चढणारा बाक आडवा झाला, तो पुन्हा उठणार नव्हता. हळूहळू लक्षात आलं की माझं भांडवल पैसा नव्हतंच. न आखडलेलं खातं हेच भांडवल, आणि ते वापरलं की संपतं. मग हिस्सा कशाचा काढायचा? पैशाचा नव्हे, खात्याच्या उरलेल्या आयुष्याचा. जिवंत आहे तोवर मोठं लावायचं, गचके सोसायचे. एवढं शहाणपण आलं तेव्हा माझ्या नावावर एकही खातं जिवंत नव्हतं.

माझा मित्र कामरगावचा. बारावीपर्यंत एका बाकावर. त्याच्या घरची गावालगत चार एकर बागाईत. वांगी, मेथी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, रोज पहाटे बाजारात माल. दोघं नवरा-बायको कामाला वाघ, घरात कशाची ददात नाही. त्याला एकच खोड लागली होती, क्रिकेटवर पैसे लावायची. त्याच्या आवडीच्या संघावर, गोल आकड्यात, सामना सुरू झाल्यावर, आणि हरला की दुप्पट. दोन वर्षं त्यानं असं घालवलं. वहिनीला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. त्याचा मोठा फोन घेतला, लोखंडी कपाटात ठेवला आणि त्याला बटणाचा साधा फोन आणून दिला. बाजारात पैसे घ्यायला स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड काट्यावर चिकटवून दिला. आठ महिने हा माणूस त्या साध्या फोनवर होता. बाजारात पोरं चिडवायची, हा हसून घ्यायचा. मला एकदा म्हणाला होता, आता सामना लागला असला तरी मले झोप लागते.

आणि मला त्या कपाटातला फोन दिसायला लागला.

त्या फोनमध्ये दोन वर्षांचं हरण्याचं खातं होतं. साइटच्या दृष्टीनं सोन्यासारखं गिऱ्हाईक. त्याला मर्यादाच नव्हती. मी माझ्या फोनवरून ते उघडू शकत नव्हतो, कारण साइटला फोन ओळखता येतो. आखडलेल्या माणसाच्या यंत्रावरून दुसऱ्याचं खातं उघडलं की दोन्ही जोडून टाकतात आणि शिल्लकही दाबतात. माझ्या सख्ख्या भावाच्या नावानं मी काढलेल्या खात्याचं तसंच झालं होतं. म्हणजे फोन त्याचा हवा, जागा त्याची हवी, आणि रोजचं हाताळणारं बोटही त्याचंच हवं.

मी कामरगावला गेलो, दोघांना समोर बसवलं आणि तास घेतल्यासारखं समजावलं. हा खेळ नाही, हिशेब आहे. पैसे माझे, निर्णय माझा, नफ्यातला तिसरा हिस्सा तुमचा. यानं फक्त मी सांगतो तिथे बोट लावायचं. मित्र खाली बघत होता. म्हणाला, “मले नको देऊ बे तो फोन. मी कसा हाओ तुले मालूम हाय.” त्यानं सांगितलं होतं. हे मी विसरू शकत नाही. मी हसून म्हणालो, अरे, तू कुठे खेळणार आहेस, खेळणार मी आहे.

“भाऊजी, तुमी शिकलेले हा. तुमी म्हणता म्हणून देते,” वहिनी म्हणाली, आणि उठून कपाट उघडलं.

आता माझी खरी चूक सांगतो. कपाटातला फोन बाहेर काढायला लावणं ही नव्हे, त्यापुढची. जे खातं दोन वर्षं क्रिकेटवर रात्रंदिवस उधळत होतं ते एकाएकी आदल्या दुपारच्या टेनिसवर मोजून-मापून लावायला लागलं तर कुणालाही वास येईल. म्हणून आवरण हवं. मी त्याला एका वहीच्या पानावर आखून दिलं : आठवड्यातून तीन वेळा क्रिकेट, प्रत्येकी पाचशे, तुझ्या आवडीचा संघ, सामना सुरू झाल्यावर, पूर्वी लावायचास अगदी तसं. मी त्याचाही हिशेब केला होता. आठवड्याला दीड हजार लागतात, साइटची कमाई शंभरात पाच-सहा धरली तर सरासरी तोटा नव्वद रुपये. आवरणाचा खर्च आठवड्याला नव्वद रुपये! मला ते फार स्वस्त वाटलं. मी हरण्याचं वेळापत्रक बनवून ते अशा माणसाच्या हातात दिलं, जो आठ महिने न हरता राहायला शिकत होता. संख्याशास्त्रात सरासरी काढताना ती कुणाची सरासरी आहे हे आधी विचारायचं असतं, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो.

पहिले चार आठवडे माझे आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले. मी दुपारी कॉलेजातून त्याच्या साध्या फोनवर फोन करायचो, तो मळ्यात बसून कपाटातून काढलेल्या फोनवरून लावायचा. दोन हजार, तीन हजार, चार हजार, साइट मुकाट घेत होती. मी माझा हिस्सा चौथाईवरून अर्ध्यावर नेला होता, खात्याचं आयुष्य संपायच्या आत. अकरा हजार वर आलो. मी त्याला त्याचा वाटा नेऊन दिला तेव्हा वहिनीनं पुरणपोळी केली होती. मित्र जेवताना दोनदा उठून बाहेर गेला. मला वाटलं पाण्याची पाळी असेल.

पाचव्या आठवड्यात, तेविसाव्या डावाला, त्यानं मला फोन केला. २.१० च्या भावावर साइट ९० रुपये ९० पैसे घेतेय. म्हणजे आता शंभरच जिंकू देत होते, मला दिलं त्याच्याही अर्धं. मी सुस्कारा टाकला. माझ्या मनात एवढंच आलं की चला, हेही संपलं. मी म्हणालो, फोन वहिनीला देऊन टाक, कपाटात जाऊ दे.

तो म्हणाला, “पण क्रिकेटवर कुठी बंद हाय? क्रिकेटवर तं लिमिट वाढवलं त्याईनं.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्याच्या हातून फोन घेऊन खात्याची यादी उघडली. माझ्या वेळापत्रकानं पाच आठवड्यांत क्रिकेटचे पंधरा डाव व्हायला हवे होते. झाले होते दोनशेच्या वर. पाचशेचा एक, मग हजार, मग दोन हजार, एकाच सामन्यात सात-सात वेळा. साइटनं खेळाप्रमाणे माणूस तोडला होता. टेनिस लावणारा शहाणा ओळखून त्याचं दार लावलं आणि क्रिकेट लावणाऱ्याचं दार आणखी उघडलं. एकाच खात्यात आम्ही दोघं होतो आणि त्यांनी आम्हाला बिनचूक वेगळं केलं. त्यांच्या मॅनेजरचे गोड संदेश होते, खास ग्राहक म्हणून, पैसे भरा, वर तितकेच आमच्याकडून. मला असा संदेश एकदाही आलेला नाही.

मी त्याला खूप बोललो. तो एवढंच म्हणाला की, तूच तं सांगितलं होतं, पूर्वीसारखं लाव. ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. तो खरोखर खुलासा देत होता.

मग आम्ही जे करता येतं ते केलं. साइटला लिहिलं, हे खातं कायमचं बंद करा, माणसाला व्यसन आहे. बंद केलं त्यांनी, एका दिवसात, आभार मानून. आठव्या दिवशी तीच साइट नव्या पत्त्यावर त्याला बोलवत होती. मधे सरकारचा कायदा आला, पैशाच्या ऑनलाइन खेळावर बंदी आली, मला दोन दिवस आशा वाटली. बँकेतून पैसे भरणं अवघड झालं एवढंच. मित्र बसस्टँडजवळच्या त्या दुकानात गेला आणि माझी आयडी बंद करणाऱ्या त्याच एजंटानं त्याला उभ्या उभ्या आयडी काढून दिली. मी जाऊन भांडलो. एजंट म्हणाला, सर, मी दिली नाई तं दुसरा देईन. आणि ते खरंच होतं. मी फोन पुन्हा कपाटात ठेवायला लावला, त्यानं बाजारातल्या एकाचा जुना फोन घेतला. बटणाचा फोन आता घरात कुठे आहे कुणाला माहीत नाही.

शेवटचा एक उपाय माझ्या डोक्यात आला होता, तोही सांगतो, हसू नका. क्रिकेटवरही त्याला असे भाव काढून द्यायचे की एजंटाला तो शहाणा वाटावा आणि त्यानंच त्याला हाकलावं. तीन आठवडे मी क्रिकेटचा हिशेब बसवत राहिलो. जमला नाही. त्या बाजारात मी शहाणा नाही. दोनदा बरा भाव सापडला तर तो संघ मित्राच्या आवडीचा नव्हता, त्यानं लावलाच नाही.

मागच्या महिन्यात सकाळी गेलो होतो. वहिनी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. गडीमाणूस कमी केलाय, आता बाजारात माल तीच नेते. मित्र आतल्या खोलीत होता, फोनवर कुठल्या तरी देशातला सामना चालू होता, त्याचा आवाज बाहेर येत होता. मी आल्याचं त्याला कळलं, पण तो बाहेर आला नाही. मीही हाक मारली नाही. माझी हिंमत झाली नाही.

वहिनी हातातलं काम न थांबवता म्हणाली, “भाऊजी, तुमचं खातं त्याईनं बंद केलं होतं ना?”

मी हो म्हणालो. बंद नाही, पण बंद केल्यासारखंच.

“मंग याचंबी तसंच कराले सांगा ना त्याईले. तुमची वळख हाय.”

माझी ओळख! मी तिला शक्य तितकं सोपं करून सांगितलं, की ते माझं ऐकून बंद करत नाहीत. ज्याच्यामुळे त्यांना पुढे तोटा होईल त्यालाच ते बाहेर काढतात. जो त्यांना देत राहतो त्याला ठेवतात. दोनशेच्या वर डाव लावून हरत राहिलेल्या माणसाला ते कधीच काढणार नाहीत.

तिनं जुडीची गाठ मारली, ती बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

“म्हंजे हा शहाणा झाला तवाच ते याले सोडन.”

“हो.”

“अन् शहाणा झाला असता तं हा तितं गेलाच नसता.”

आत सामन्यात कुणीतरी बाद झालं आणि मित्र स्वतःशी काहीतरी पुटपुटला.

“तुमाले त्याईनं हाकललं, भाऊजी,” ती म्हणाली. “तुमी सुटले.” रागानं नाही म्हणाली. मग तिनं विचारलं की माल न्यायचा आहे, मोटारसायकलवर दोन पोती मागे बांधून द्याल का. मी बांधून दिली. ती गेली, आणि मी त्या ओट्यावर बसून राहिलो. आत तो पुढचा डाव लावत होता. त्याच्यावर कुठलीच मर्यादा नव्हती.